Explainer : तांब्याचा भाव वाढला म्हणजे निफ्टीही वाढणार का?

धरमपेठेत घराचं वायरिंग करायला निघालेल्या माणसाला तांब्याचा भाव वायरच्या बंडलावर कळतो. त्याच परिसरात शेअर बाजारात पैसे गुंतवणारे लोक तोच भाव मोबाइलवरच्या चार्टमध्ये पाहतात आणि त्यावरून निफ्टीचा अंदाज बांधतात. हा अंदाज कधी बरोबर ठरतो आणि कधी फसतो?

तांब्यावरच लक्ष का?

वायर, मोटर, ट्रान्सफॉर्मर, एसी अशा सगळ्या वस्तूंत तांबं लागतं. कारखाना उभा करायचा ठरला की आधी केबल आणि मोटरींच्या ऑर्डर जातात, उत्पादन नंतर सुरू होतं. त्यामुळे बुटीबोरी असो वा शांघाय, उद्योगाची हालचाल तांब्याच्या मागणीत लवकर दिसते. म्हणूनच बाजारात या धातूला गमतीने ‘डॉक्टर कॉपर’ म्हणतात. मात्र जगातल्या तांब्यापैकी निम्म्याहून अधिक एकटा चीन वापरतो. त्यामुळे हा डॉक्टर नाडी पाहतो ती मुख्यतः चीनची.

निफ्टीशी नातं किती घट्ट?

2020 मध्ये दोघं हातात हात घालून चालले. मार्चमध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर, म्हणजे एलएमईवर, तांबं टनाला 5,000 डॉलरच्या खाली गेलं. त्याच महिन्यात निफ्टी 7,610 वर बंद झाला. पुढे मे 2021 मध्ये तांबं 10,000 डॉलरच्या वर होतं, तर निफ्टी फेब्रुवारीतच 15,000 वर पोहोचला होता. तळ दोघांनीही काही दिवसांच्या अंतरानेच गाठला. म्हणजे तांब्याने फार आधी इशारा दिला, असं झालं नाही.

2022 मध्ये मात्र वाटा वेगळ्या झाल्या. मार्चच्या सुरुवातीला 10,800 डॉलरवर असलेलं तांबं जुलैच्या मध्यात 7,000 च्या खाली उतरलं. चीनमधले लॉकडाउन आणि अमेरिकेतली व्याजदरवाढ ही त्याची मोठी कारणं. निफ्टीही जूनमध्ये 15,200 च्या आसपास आला. पण 1 डिसेंबरला त्याने 18,800 ओलांडून नवा उच्चांक केला. तांबं तेव्हाही मार्चच्या उच्चांकापेक्षा बरंच खाली होतं. याचं कारण निफ्टीच्या रचनेत आहे. त्यात सर्वाधिक वजन बँका आणि वित्तीय कंपन्यांचं आहे आणि त्यांची कमाई देशातल्या कर्जांवर चालते. म्हणून तांब्याच्या चार्टची तुलना निफ्टीपेक्षा निफ्टी मेटल निर्देशांकाशी करणं जास्त सयुक्तिक.

एमसीएक्सचा चार्ट कुठे फसवतो?

एमसीएक्सवर भाव किलोला रुपयांत असतो, त्यामुळे त्यात डॉलरचा दरही मिसळलेला असतो. समजा, एलएमईवर भाव टनाला 9,000 डॉलर आहे. डॉलर 83 रुपयांना असेल, तर शुल्क वगैरे सोडून किलोचा हिशेब 747 रुपये येतो. डॉलर 86 वर गेला, तर तोच भाव 774 रुपये होतो. चार्ट साडेतीन टक्क्यांहून जास्त चढला, पण जगात तांब्याची मागणी एका किलोनेही वाढलेली नाही. म्हणून आधी डॉलरमधला एलएमई चार्ट उघडावा, मग रुपयातला.

मागणीमुळे वाढ झाली, हे कसं ओळखायचं?

एलएमईच्या गोदामांतला साठा पाहावा. भाव वाढतोय आणि साठाही आठवडोन्‌आठवडे घटतोय, तर माल खरोखर उचलला जात असण्याची शक्यता अधिक. भाव वाढतोय पण साठाही वाढतोय, तर वाढीमागे सट्टा असू शकतो. हा निकष एकट्याने पुरत नाही, कारण माल एका देशातून दुसऱ्या देशाच्या गोदामात हलवला तरी आकडे बदलतात.

2025 मध्ये हेच घडलं. अमेरिका आयात शुल्क लावणार या अंदाजाने व्यापाऱ्यांनी तिकडे तांबं भरलं आणि न्यूयॉर्कचा भाव लंडनच्या बराच वर गेला. 30 जुलैला शुद्ध तांब्याला शुल्कातून वगळल्याचं जाहीर होताच न्यूयॉर्कचा भाव 20 टक्क्यांहून जास्त कोसळला. लंडनची घसरण मात्र किरकोळ होती. त्या दिवशी एकही कारखाना बंद पडला नव्हता, बदललं होतं ते फक्त शुल्क. खाण बंद पडली, संप झाला तरी भाव असाच उसळतो. ती टंचाई असते, तेजी नव्हे.

तेव्हा तांब्याची मोठी हालचाल दिसली की तीन गोष्टी तपासाव्यात: डॉलरमधला भाव खरंच हलला का, लंडन आणि न्यूयॉर्क एकाच दिशेने चाललेत का, आणि साठा काय सांगतो. तिन्हींचं उत्तर मागणीकडे बोट दाखवत असेल, तर धातू आणि भांडवली वस्तूंच्या कंपन्यांकडे पाहायला अर्थ आहे. संपूर्ण निफ्टीसाठी मात्र बँकांचे निकाल आणि व्याजदर यांनाच जास्त वजन द्यावं लागेल.