१४ पानांचा संशोधन प्रस्ताव एका पानात कसा बसवायचा? उद्दिष्टं, खर्च आणि वेळापत्रकाचं गणित समजून घ्या

संशोधनासाठी निधी मागायचा म्हणजे सविस्तर प्रस्ताव लागतोच. पण निधी समितीच्या टेबलावर तो पोहोचतो तेव्हा सोबत एक पानी गोषवाराही मागितला जातो, आणि अनेक सदस्य आधी तोच वाचतात. शिरूर, दौंडच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना विद्यापीठाकडे, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे किंवा केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जायचं असेल, तर हे पान नीट लिहिता यायला हवं.

बहुतेक जण इथे एकच गोष्ट करतात. मोठ्या प्रस्तावातली वाक्यं कापत जातात. पार्श्वभूमी अर्धी होते, उद्दिष्टं तशीच राहतात, खर्चाची एकच बेरीज उरते आणि वेळापत्रकाच्या जागी फक्त ‘कालावधी : १८ महिने’ असं येतं. पान भरतं, पण समितीला हवं असलेलं उत्तर त्यात नसतं : या पैशात आणि या वेळेत हे काम खरंच होईल का?

‘प्रमाण’ म्हणजे नेमकं काय?

तिन्ही गोष्टींना सारखी जागा देणं म्हणजे प्रमाण नव्हे. प्रत्येक उद्दिष्टामागे किती पैसे आहेत आणि किती महिने आहेत, हे पानावर जुळलेलं दिसणं म्हणजे प्रमाण.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे अर्ज करणारे संशोधकही आपली उद्दिष्टं एका पानात मांडतात. तिथे बजेट वेगळ्या कागदांवर असतं. आपल्याकडच्या एक पानी गोषवाऱ्यात तिन्ही गोष्टी शेजारी बसतात. त्यामुळे न जुळणारा आकडा लगेच डोळ्यांत भरतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे तपासायचं आहे. प्रस्ताव काल्पनिक आहे आणि त्यातले दर हिशोबासाठी धरलेले आहेत, पण प्रश्न खरा आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, असं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं. उसाला दिलेलं नत्रखत पाण्याबरोबर खाली झिरपतं. दौंडचा मोठा भाग मुठा उजव्या कालव्यावर भिजतो, तर शिरूरमधला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईचा पट्टा पाण्यासाठी झगडत आलेला आहे. बागायत आणि जिरायत अशी तुलना इथे सहज करता येते.

आता पहिला कच्चा गोषवारा पाहू. मागणी ३ लाख रुपये, कालावधी १८ महिने. उद्दिष्टं पाच : ६० विहिरींची तीन वेळा तपासणी, बागायत-जिरायत तुलना, एमआयडीसीजवळ जड धातूंची तपासणी, शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप आणि जनजागृती. बजेटमध्ये लॅपटॉप-प्रिंटरसाठी ९० हजार आणि नमुने तपासणीसाठी ४० हजार.

समितीतला सदस्य मनातल्या मनात गुणाकार करतो. ६० विहिरी गुणिले तीन फेऱ्या म्हणजे १८० नमुने. नमुन्याला ६०० रुपये धरले तर १ लाख ८ हजार हवेत. ४० हजारांत ६६ नमुने होतात, म्हणजे जेमतेम एक फेरी. जड धातूंच्या तपासणीला आणि ॲपला तर पैसेच ठेवलेले नाहीत. अशा वेळी भाषा कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.

कापायचं कसं? ओळ कापा, रकाना नको

लिहायला बसण्याआधी एका कागदावर तक्ता करा. डावीकडे एकाखाली एक उद्दिष्टं, समोर दोन रकाने : महिने आणि रुपये. मोठ्या बजेटमधला प्रत्येक खर्च कुठल्या तरी उद्दिष्टासमोर टाका. ज्या उद्दिष्टासमोर दोन्ही रकाने रिकामे राहतात, ती नुसती इच्छा आहे. ती पानावरून काढा. जो खर्च कुठल्याच उद्दिष्टासमोर बसत नाही, तोही काढा. आपल्या उदाहरणात असा खर्च लॅपटॉपचा होता.

यातला नियम सोपा आहे. कापायचं असेल तर उद्दिष्ट त्याच्या पैशांसह आणि महिन्यांसह कापा. उद्दिष्टं पाचच ठेवून सगळ्यांचे पैसे थोडे थोडे कमी केले, तर एकही काम पुरं होत नाही आणि ते कागदावर दिसतं.

आपल्या प्रस्तावातून जड धातू आणि ॲप गेले. विहिरी ६० वरून ४० झाल्या : प्रत्येक तालुक्यात १० बागायती आणि १० जिरायती. तीन फेऱ्यांचे १२० नमुने आणि पडताळणीसाठी १२ दुबार नमुने, असे एकूण १३२. सहाशेच्या दराने ७९ हजार २०० रुपये.

प्रवासाचा आकडाही असाच कामातून येतो. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून ४८ तासांच्या आत तपासावा लागतो. त्यामुळे चाळीस बाटल्या जमवून मग आठवड्याने प्रयोगशाळेत नेणं चालत नाही. दिवसाला १० विहिरी आणि त्याच संध्याकाळी नमुने पुण्याला, असं धरलं तर एका फेरीला चार दिवस लागतात. तीन फेऱ्यांचे १२ आणि विहिरी निवडण्याचे दोन, असे १४ दिवस. दिवसाला ३ हजार म्हणजे ४२ हजार. ‘प्रवास : ५० हजार’ हा अंदाज वाटतो, ‘१४ दिवस × ३,०००’ हा हिशोब वाटतो. जागा दोन्हींना सारखीच लागते.

वेळापत्रक : पावसाळा थांबत नाही

वेळापत्रकात सर्रास होणारी चूक म्हणजे ‘महिना १ ते ३, महिना ४ ते ६’ अशी समान वाटणी. विहिरीच्या पाण्याचा अभ्यास ऋतूवर चालतो. पावसाळ्याआधीचा नमुना मे महिन्यात आणि नंतरचा नोव्हेंबरच्या सुमारास घ्यायचा. ऑगस्टमध्ये काम सुरू झालं तर १८ महिन्यांत नोव्हेंबर, मे आणि पुन्हा नोव्हेंबर अशा तीन फेऱ्या बसतात आणि निष्कर्षांसाठी दोन महिने उरतात.

पण मंजुरी डिसेंबरमध्ये आली तर? पहिला नोव्हेंबर हुकला. तिसरी फेरी थेट शेवटच्या महिन्यात, मेमध्ये जाते आणि अहवालाला वेळच राहत नाही. म्हणून पानावर एक ओळ आधीच लिहा : मंजुरी ऑक्टोबरनंतर आल्यास फेऱ्या दोन होतील आणि तेवढा तपासणी व प्रवासखर्च कमी होईल. कालव्याचं आवर्तन सुरू असताना घेतलेला नमुना वेगळा आकडा देऊ शकतो, म्हणून आवर्तनाची तारीख नोंदवणार हेही तिथेच येतं. या ओळींतून अर्जदाराने शेतात जाऊन विचार केला आहे, हे कळतं.

तयार पान कसं दिसेल?

प्रश्न : शिरूर-दौंडमधल्या बागायती आणि जिरायती भागांतल्या विहिरींत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का, आणि ऋतूनुसार ते बदलतं का?

उद्दिष्ट १ : ४० विहिरी, तीन फेऱ्या, १३२ नमुने. (नोव्हेंबर, मे, नोव्हेंबर; २,२१,२०० रुपये)

उद्दिष्ट २ : त्याच विहिरींच्या शेतकऱ्यांकडून खत आणि पाण्याच्या नोंदी घेऊन तुलना. (चार महिने, ४०,००० रुपये)

उद्दिष्ट ३ : प्रत्येक विहिरीचा निकाल मराठीत छापून गावात बैठकीत देणं. (शेवटचे दोन महिने; २०,००० रुपये)

खर्च : तपासणी ७९,२००; प्रवास ४२,०००; सहायक १० महिने × १०,००० = १,००,०००; मीटर, बाटल्या, शीतपेटी ४०,०००; छपाई व बैठका २०,०००; आकस्मिक १८,८००. एकूण ३,००,०००.

वेळ : ऑगस्टपासून १८ महिने. मंजुरी ऑक्टोबरनंतर आल्यास दोन फेऱ्या.

पहिल्या उद्दिष्टात तपासणी, प्रवास, साहित्य आणि सहायकाचे सहा महिने आले. म्हणजे जवळपास पाऊण निधी मुख्य प्रश्नावर जातो आणि पानावरही तेच काम सर्वात आधी येतं. कच्च्या मसुद्यात जनजागृतीवर मोठा परिच्छेद असेल आणि तिला वीसच हजार असतील, तर परिच्छेद एका ओळीवर आणायचा. यापुढे पानावर जी जागा उरेल, ती प्रश्न का महत्त्वाचा आहे आणि तपासणी कुठल्या पद्धतीने होणार, या पाच-सहा ओळींची. आधीच्या संशोधनाचा आढावा इथे बसत नाही, तो मोठ्या प्रस्तावातच राहू द्या.

पाठवण्याआधी दोन चाचण्या

पहिली : दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला फक्त खर्चाची ओळ दाखवा, बाकी पान झाका. ‘पाण्याचे नमुने तपासताय’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘संगणक घेताय’ असं आलं तर प्रमाण बिघडलेलं आहे.

दुसरी : पानावरचा प्रत्येक आकडा मोठ्या प्रस्तावातल्या आकड्याशी लावून पाहा. शेवटच्या रात्री ६० च्या ४० विहिरी होतात आणि एका कागदावर ६० तशाच राहतात. समितीला दोन वेगळे आकडे दिसले, तर दोन्हींवरचा विश्वास जातो.

अक्षरांचा आकार कमी करून किंवा समास दाबून जागा काढू नका. तेवढी गरज पडत असेल तर अजून एक उद्दिष्ट जास्त आहे, असं समजा.

या पानाचं काम मंजुरीनंतरही संपत नाही. मंजूर झालेल्या खर्चाच्या शीर्षकांप्रमाणेच पुढे हिशोब द्यावा लागतो. केंद्राच्या अनुदानासाठी संस्थेला जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र भरावं लागतं. ‘प्रवास’मधले पैसे ‘तपासणी’कडे वळवायचे तर आधी परवानगी घ्यावी लागू शकते. म्हणून १४ दिवस आणि १३२ नमुने हे आकडे आपल्याला खरोखर पाळता येतील असेच लिहा. दीड वर्षाने हिशोब त्यांच्याशीच ताडला जाणार आहे.