साठ सेकंदांत तीन भागांची ओळख : पॉडकास्टच्या ट्रेलरची संहिता कशी बांधावी?

पॉडकास्ट सुरू करणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती ऐकविण्यासारखे काहीच प्रसिद्ध झालेले नसते तेव्हा. कार्यक्रमाचे नाव ठरलेले असते, काही भाग ध्वनिमुद्रित झालेले असतात. पण श्रोत्याला दाखविता येईल असा नमुना नसतो. ही उणीव ट्रेलर भरून काढतो. त्याच्या एक मिनिटाच्या चित्रफितीने दोन कामे करावयाची असतात. येणाऱ्या तीन भागांविषयी कुतूहल जागे करणे हे पहिले आणि श्रोत्याने आजच ‘सबस्क्राइब’ का करावे याचे कारण देणे हे दुसरे. बहुतेक ट्रेलर पहिले काम कसेबसे करतात आणि दुसरे विसरतात.

उदाहरणादाखल ‘बडनेरा जंक्शन’ नावाचा एक काल्पनिक पॉडकास्ट घेऊ. बडनेऱ्याहून रेल्वेने गाठता येणाऱ्या वऱ्हाडातील गोष्टी हा त्याचा विषय. नाव काल्पनिक असले तरी त्यातील तिन्ही विषय खरे आहेत.

शब्दांचे गणित

संहिता लिहिण्यापूर्वी शब्द मोजावे लागतात. शांतपणे, स्पष्ट उच्चारांत मराठी निवेदन केल्यास मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. ट्रेलरमध्ये मूळ आवाज आणि थोडी शांतताही हवी असते. त्यामुळे साठ सेकंदांच्या फितीत निवेदनाला शंभराच्या आतच शब्द मिळतात. लेखक दोनशे शब्द लिहितो, निवेदक ते धावत वाचतो आणि एकही वाक्य मनात ठरत नाही, हा नेहमीचा अनुभव होय.

कागदाचे दोन रकाने करावेत. डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी लिहावा. दोन्हीकडे तीच गोष्ट आली, तर एक रकाना वाया गेला असे समजावे.

संहितेचा नमुना

० ते ७ सेकंद. दृश्य : बडनेरा स्थानकाची पाटी, फलाटावर शिरणारी गाडी. निवेदन : ‘मुंबईहून नागपूरला निघालेली गाडी अमरावतीला जात नाही. ती थांबते बडनेऱ्याला. असे का?’

७ ते २० सेकंद. दृश्य : नकाशावर मुख्य मार्ग आणि अमरावतीकडे वळणारा फाटा. निवेदन : ‘१८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. अमरावती मात्र मुख्य मार्गापासून सुमारे दहा किलोमीटर दूर राहिली. पहिल्या भागात, या दहा किलोमीटरांची कथा.’

२० ते ३५ सेकंद. दृश्य : मूर्तिजापूर स्थानक, अरुंद रुळांचे जुने छायाचित्र. निवेदन : ‘मूर्तिजापूरहून एक छोटी गाडी अचलपूरला जायची, एक यवतमाळला. रूळ अडीच फुटी. देश स्वतंत्र झाला, तरी मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. दुसऱ्या भागात, शकुंतला.’

३५ ते ४८ सेकंद. दृश्य : काळा पडदा. ध्वनी : गाडगेबाबांच्या कीर्तनातील पाच सेकंद. निवेदन : ‘हा आवाज गाडगेबाबांचा. साल १९५६. तिसऱ्या भागात, शेंडगावच्या डेबूजींचे कीर्तन.’

४८ ते ६० सेकंद. दृश्य : कार्यक्रमाचे नाव आणि वार. निवेदन : ‘दर शुक्रवारी चाळीस मिनिटे. बडनेऱ्याहून अकोल्याला पोहोचेपर्यंत एक भाग ऐकून होतो. सबस्क्राइब करा, शुक्रवारी नाव शोधावे लागणार नाही.’

तीन भाग, तीन वेगळ्या ओढी

या संहितेत पहिला भाग प्रश्नाने, दुसरा विसंगतीने आणि तिसरा प्रत्यक्ष आवाजाने ओळख करून देतो. तिन्ही ठिकाणी ‘असे का?’ विचारले असते, तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत श्रोता कंटाळला असता. क्रमालाही अर्थ आहे. वऱ्हाडातील प्रवाशाला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक असलेली गोष्ट आधी येते आणि सर्वांत प्रभावी ध्वनी शेवटच्या आवाहनाच्या अगदी अलीकडे येतो.

तिसऱ्या भागाच्या वेळी पडदा काळा ठेवण्यामागेही कारण आहे. पॉडकास्ट ही ऐकण्याची वस्तू असल्याने तिचा खरा नमुना आवाजच देऊ शकतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, त्यांचे निधन झाले. मात्र असे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर सापडले म्हणून उचलता येत नाही. त्याचे हक्क कोणाकडे आहेत हे तपासून लेखी परवानगी घ्यावी लागते. ती न मिळाल्यास तो तुकडा वगळून बाबांचे कीर्तन ऐकलेल्या कुटुंबातील एखाद्याची आठवण तिथे घालावी.

उत्तर कोठे थांबवावे, हाही नाजूक प्रश्न आहे. मुख्य मार्ग बाजूने का गेला हे ट्रेलरमध्येच सांगितले, तर पहिला भाग ऐकण्याचे कारण उरत नाही. उलट, ज्याचे उत्तर भागात नाही असा प्रश्न ट्रेलरमध्ये टाकला, तर श्रोता एकदाच फसतो. म्हणून तिन्ही भाग ध्वनिमुद्रित झाल्यावरच संहिता पक्की करावी.

‘सबस्क्राइब’चे कारण

‘आम्हाला पाठिंबा द्या’ हे निर्मात्याचे कारण झाले. श्रोत्याला त्याच्या सोयीचे कारण हवे असते. सबस्क्राइब केल्यावर नवा भाग श्रोत्याच्या यादीत आपोआप येतो. ठरलेला वार आणि प्रवासात मावणारी लांबी सांगितली की ती सोय डोळ्यांसमोर येते. अर्थात, शुक्रवार सांगितल्यावर तो पाळावाच लागतो.

येथे एक तांत्रिक बाब आहे. ‘सबस्क्राइब’ म्हणजे पैसे भरणे असा अनेकांचा समज होतो. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या पॉडकास्ट ॲपमध्ये या शब्दाऐवजी ‘फॉलो’ हा शब्द आणला. यूट्यूबवर ‘सबस्क्राइब’ कायम आहे. त्यामुळे शेवटचे वाक्य दोन प्रकारे ध्वनिमुद्रित करून ज्या त्या ठिकाणी योग्य ते जोडावे. केवळ ध्वनीची प्रत पॉडकास्टच्या यादीत टाकताना भागाचा प्रकार ‘ट्रेलर’ असा निवडावा. अन्यथा तीच पहिला भाग म्हणून दिसू लागते. शिवाय त्या प्रतीत नकाशा दिसत नाही, म्हणून निवेदन चित्राविना समजते का, तेही पाहावे.

प्रसिद्धीपूर्वीची परीक्षा

फीत प्रथम आवाज बंद करून पाहावी. मोबाईलवर अनेक जण ती तशीच पाहतात. पडद्यावरील मराठी अक्षरे मोठी आणि जास्तीत जास्त दोन ओळींत असावीत. बारीक अक्षरांत जोडाक्षरे वाचता येत नाहीत. नंतर विषय ठाऊक नसलेल्या एखाद्याला ती एकदाच ऐकवून दोन प्रश्न विचारावेत : तीन भाग कशावर आहेत आणि पुढचा भाग कधी येणार? जो भाग त्याला आठवत नाही, तेथील वाक्ये बदलावीत.

प्रसिद्धीनंतर यूट्यूबचा आलेख प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून गेले ते दाखवितो. पहिल्या पाच सेकंदांतच मोठी घसरण असेल, तर सुरुवात चुकली आहे. बहुधा तेथे संगीत आणि बोधचिन्ह आले आहे. घसरण दुसऱ्या भागापाशी असेल, तर तो पहिल्यासारखाच वाटला असावा. शेवटपर्यंत प्रेक्षक टिकूनही सबस्क्राइब करणारे थोडेच असतील, तर शेवटच्या बारा सेकंदांतील कारण त्यांना पटलेले नाही. तेवढाच तुकडा नव्याने लिहावा. उरलेल्या संहितेला हात लावण्याची गरज नसते.