खिडकी बंद होईपर्यंत भाव ठरत नाही

३० जून १९६४ रोजी लंडनच्या पूर्वेकडच्या डॅगनम स्टेडियमवर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालू होत्या. त्यातल्या एका शर्यतीआधी शंभराहून अधिक माणसं टोटच्या खिडक्यांपुढे येऊन उभी राहिली आणि हलेचनात. कुणी एकेक तिकीट निवांतपणे मागत होतं, कुणी सुट्ट्या पैशांचा घोळ घालत होतं. मागच्या रांगेतल्या सामान्य गिऱ्हाइकाला खिडकीपर्यंत पोहोचताच येईना. शर्यत सुटली, संपली आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीचा, म्हणजे फोरकास्टचा, डिव्हिडंड फलकावर लागला. दोन शिलिंगच्या तिकिटाला सुमारे ९८८ पौंड! त्या जोडीवर सगळ्या स्टेडियममध्ये एकच तिकीट विकलं गेलं होतं.

खिडक्या अडवणाऱ्या टोळीची खरी कमाई स्टेडियमवर होणार नव्हतीच. देशभरच्या बेटिंगच्या दुकानांत तिने त्याच शर्यतीवर आधीच पैसे लावून ठेवले होते. ही दुकानं टोटच्या डिव्हिडंडप्रमाणे पैसे देत, पण तिथे लावलेले पैसे स्टेडियमच्या पूलमध्ये जमा होत नसत. म्हणजे टोळीचा स्वतःचा पैसा भाव पाडणार नाही आणि खिडक्या अडवल्यामुळे दुसऱ्यांचाही पाडणार नाही, अशी दुहेरी सोय. दुकानदारांनी डाव ओळखला आणि पैसे द्यायला नकार दिला.

या बनावाची नैतिकता बाजूला ठेवली, तर त्यामागचं गणित अचूक होतं. शेवटच्या मिनिटांत येणारा पैसा टोटच्या डिव्हिडंडला काय करतो, हे त्या टोळीला पक्कं ठाऊक होतं. शर्यतीला वर्षानुवर्षं जाणाऱ्या अनेकांना ते अजूनही नीट उमगलेलं नसतं.

बुकीकडे घोडा लावला की त्या क्षणीचा भाव पक्का होतो. पुढे भाव पडो की चढो, तिकिटावर लिहिलेला आकडा बुकीला पाळावा लागतो. टोटमध्ये तसं नाही. तिथे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात, त्यातून चालवणाऱ्याचा वाटा आणि कर कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत सारख्या प्रमाणात वाटली जाते. पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात जोसेफ ओलेर याने ही पद्धत सुरू केली. पुढे मुलँ रूज हे नाट्यगृह काढणाऱ्यांपैकी एक तोच. ही बेरीज हाताने करणं मोठं जिकिरीचं काम होतं. जॉर्ज ज्युलियस या ऑस्ट्रेलियातल्या इंजिनिअरचं पहिलं स्वयंचलित टोटलायझेटर १९१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर बसलं. गंमत म्हणजे मुळात तो मतं मोजण्याच्या यंत्राच्या मागे होता.

तेव्हा टोटच्या पडद्यावर शर्यतीआधी दिसणारा आकडा हे वचन नसतं. ‘आत्ता खिडक्या बंद झाल्या आणि हा घोडा जिंकला, तर इतके मिळतील’ एवढाच त्याचा अर्थ. खिडक्या मात्र आत्ता बंद होत नसतात.

एक काल्पनिक शर्यत घेऊ. सुटायला तीन मिनिटं आहेत. विन पूलमध्ये ६ लाख रुपये जमले आहेत आणि त्यांतले ६० हजार चार नंबरच्या घोड्यावर आहेत. कपात २० टक्के धरू. ६ लाखांतून १ लाख २० हजार गेले, ४ लाख ८० हजार उरले. त्यांना ६० हजारांनी भागलं की ८ येतात, म्हणून १० रुपयांच्या तिकिटामागे पडद्यावर ८० रुपये दिसतात. एक गृहस्थ ते पाहून चार नंबर घेतात.

उरलेल्या तीन मिनिटांत आणखी ४ लाख येतात आणि त्यांतले १ लाख ६० हजार एकट्या चार नंबरवर पडतात. आता पूल १० लाखांचा झाला आणि कपातीनंतर ८ लाखांचा उरला. पण चार नंबरवरची रक्कम ६० हजारांवरून २ लाख २० हजारांवर गेली. भागाकार ३.६३ च्या आसपास येतो. म्हणजे १० रुपयांना ३६ रुपये आणि काही पैसे. पैसे खालच्या बाजूला सोडून ३६ रुपये जाहीर होतात. घोडा जिंकला तरी गृहस्थ टोटला शिव्या घालत बाहेर पडतात.

शिव्यांचा पत्ता मात्र चुकलेला असतो. टोटच्या चालकाने २० टक्केच कापले आहेत, आधीही आणि नंतरही. गृहस्थांच्या हिश्शाचे पैसे गेले ते त्याच घोड्यावर मागाहून पैसे लावणाऱ्यांकडे. शिवाय उशिरा आलेला पैसा दर वेळी भाव पाडतोच असंही नाही. त्या ४ लाखांतले फक्त ४० हजार, म्हणजे आधीच्याच प्रमाणात, चार नंबरवर आले असते, तर डिव्हिडंड ८० रुपयेच राहिला असता. १० हजारच आले असते, तर तो ११४ रुपयांवर चढला असता. उशिरा आलेल्या पैशातला किती भाग आपल्या घोड्यावर बसला, एवढाच प्रश्न असतो.

इथून पुढचा भाग अधिक रंजक आहे, कारण मोठा पैसा मुद्दामच उशिरा येतो. लहान पूलमध्ये मोठी रक्कम टाकणारा सर्वांत आधी स्वतःचाच भाव पाडतो. समजा, वरचे १ लाख ६० हजार एकाच गटाचे होते आणि त्याच्या हिशेबाने चार नंबरची जिंकण्याची शक्यता शंभरात तीस होती. पडद्यावरच्या आठपट भावाला हा सौदा सोन्याचा वाटतो, कारण लावलेल्या रुपयामागे सरासरी २ रुपये ४० पैसे परत यायला हवेत. पण त्या गटाचाच पैसा पूलमध्ये शिरल्यावर भाव ३.६ पट होतो आणि परतावा १ रुपया ८ पैशांवर येतो. आणखी थोडं लावलं की तोटाच. म्हणून किती लावायचं याचं उत्तर पूल अंतिमतः केवढा होणार यावर अवलंबून असतं आणि ते शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. आधी लावलं तर पडद्यावर भाव पडलेला पाहून इतर लोक सावध होतात, ते वेगळंच.

हाँगकाँगमध्ये बिल बेंटर आणि अॅलन वूड्स यांनी १९८०च्या दशकात संगणकाच्या आधारे हा खेळ सुरू केला आणि बेंटर यांनी पुढे १९९४ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्धही केली. तिथले पूल प्रचंड मोठे असल्यामुळे मोठी रक्कमही पचते. आज जगभरच्या मोठ्या पूलमध्ये असे गट आहेत आणि त्यांचे संगणक शर्यत सुटण्याआधीच्या काही सेकंदांत शेकडो पैजा टाकतात.

या गटांना आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे सूट. हाँगकाँग जॉकी क्लब विन पूलमधून १७.५ टक्के कापतो, पण १० हजार हाँगकाँग डॉलरच्या वरची पैज हरली तर त्यातले १० टक्के परत देतो. अमेरिकेत मोठ्या उलाढालीवर सूट देणाऱ्या मध्यस्थ कंपन्याच आहेत. समजा, चार नंबरवर आणखी पैसा पडून भाव ३.३ पटीवर आला. शंभरात तीसच्या हिशेबाने रुपयाला ९९ पैसे परत, म्हणजे सामान्य माणसाला एक टक्का तोटा. पण ज्याला उलाढालीवर ८ टक्के सूट आहे, तो त्याच भावाला सात टक्के फायद्यात असतो आणि भाव आणखी खाली येईपर्यंत लावत राहतो. नियमपुस्तकात कपात सर्वांना सारखी असते. प्रत्यक्षात तशी राहत नाही आणि फरकाचा भार सूट न मिळणाऱ्यांच्या डिव्हिडंडवर पडतो.

सुटलेल्या शर्यतीत घोडे पहिल्या वळणावर असताना पडद्यावरचा भाव बदलतो, तेव्हा ‘शर्यत सुटल्यावर कुणीतरी पैसे लावले’ अशी कुजबुज होते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. वेगवेगळ्या केंद्रांवर आणि फोनवर घेतलेल्या पैजांच्या बेरजा मुख्य संगणकाकडे ठरावीक सेकंदांनी येतात आणि शेवटची बेरीज खिडक्या बंद झाल्यावर पोहोचते. पैसा वेळेत आलेला असतो, आकडा उशिरा दिसतो.

संशय नेहमीच खुळा असतो, असं मात्र नाही. २६ ऑक्टोबर २००२ रोजी शिकागोजवळच्या आर्लिंग्टन पार्कवर ब्रीडर्स कपच्या ‘पिक सिक्स’ पूलमध्ये सहा शर्यतींचे विजेते अचूक सांगणारी सहाच तिकिटं निघाली आणि सहाही एकाच माणसाची. पहिल्या चार शर्यतींत एकेकच घोडा आणि शेवटच्या दोन शर्यतींत सगळे घोडे, अशी त्यांची विचित्र रचना होती. शेवटची शर्यत ४३ पट भावाच्या व्होल्पोनीने जिंकली आणि बक्षीस ३० लाख डॉलरच्या वर गेलं. चौकशीत उघड झालं की या प्रकारच्या तिकिटांचा तपशील चौथ्या शर्यतीनंतरच मुख्य केंद्राकडे जात असे आणि टोट कंपनीतला एक प्रोग्रामर तोवर तिकिटावरचे घोडे बदलत होता. तो आणि त्याचे दोन साथीदार तुरुंगात गेले. आकडे पोहोचायला होणारा उशीर निरुपद्रवी असला, तरी त्यात चोराला पुरेल एवढी फट असते.

मुंबईच्या महालक्ष्मीवर आणि पुण्याच्या रेसकोर्सवर टोट आणि बुकी दोन्ही आहेत. इथे पूल पुष्कळ लहान. विनमध्ये त्यातल्या त्यात पैसा असतो, पण फोरकास्ट, क्विनेला, तनाला अशा पूलमध्ये एखाद्याने झटक्यात बरीच तिकिटं घेतली तरी भाव दचकतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापलेल्या डिव्हिडंडवरून उलटा हिशेब करून पाहता येतो. २० टक्के कपातीच्या पूलमध्ये १० रुपयांना ३६ रुपये मिळाले, तर ८ भागिले ३६, म्हणजे पूलचा साधारण २२ टक्के पैसा त्या घोड्यावर होता. दहा मिनिटं आधी पडद्यावर ८० दिसत होते, तर तेव्हा तो दहा टक्केच होता. उरलेला बारा टक्के हिस्सा कधी वाढला, ते या दोन आकड्यांतच दिसतं.

भारतात कपातीच्या वर कराचंही ओझं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा शर्यतीवरच्या पैजेला २८ टक्के दर लागला. कर क्लबच्या कमिशनवर की पैजेच्या पूर्ण रकमेवर, यावर भांडण झालं. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कमिशनच्या बाजूने कौल दिला, पण ऑक्टोबर २०२३ पासून बदललेल्या कायद्याने पूर्ण रकमेवरची आकारणी पक्की केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. हा कर तिकिटाच्या वर भरावा लागला, तर १०० रुपयांच्या पैजेला १४० रुपये जातात. वरच्या उदाहरणातल्या पूलमधून सगळ्यांना मिळून त्यातले ८० परत येतात, म्हणजे भरलेल्या रुपयाचे सत्तावन्न पैसे. एवढ्या कपातीत संगणकाचे गट फिरकणारही नाहीत. बेकायदा बुकीचा धंदा मात्र अशाच वेळी वाढतो, आणि तिथे गेलेला पैसा टोटच्या पूलमध्ये येत नसल्यामुळे पूल आणखी लहान होतो आणि शेवटच्या मिनिटाचा धक्का आणखी मोठा.