वहीवर काय छापायचे?

समजा, उसाच्या चिपाडाच्या कागदाच्या शालेय वह्या बाजारात आणायच्या आहेत. जाहिरात करणाऱ्यांना कंपनी आधी एक टिपण देते, त्याला ब्रँड ब्रीफ म्हणतात. माल कोणासाठी आहे, त्यांना काय सांगायचे आणि कशाच्या आधारावर, हे त्यात थोडक्यात लिहिलेले असते.

या वहीचे गिऱ्हाईक दुहेरी आहे. पैसे पालक मोजतात, पण दुरेघी की चाररेघी, कोणती वही चालेल हे वर्गावरच्या बाई ठरवतात. शाई पानामागे उमटली तर दोघेही ती वही पुन्हा घेणार नाहीत. म्हणून टिपणातली पहिली ओळ झाडांबद्दल नको, लिहिण्याबद्दल हवी. चाचणीही सोपी आहे. शाईच्या पेनाने चार ओळी लिहून पान उलटायचे, मग पेन्सिलीचे अक्षर दोनदा खोडायचे. शाई पसरली किंवा कागदाचे तंतू उठले, तर जाहिरात थांबवून आधी कागद सुधारायचा.

मग दावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नुसते ‘पर्यावरणपूरक’ छापून भागत नाही, सोबत खुलासा आणि पुरावा लागतो. पाने चिपाडाची, पण मुखपृष्ठावर प्लास्टिकचे लॅमिनेशन असेल, तर ‘आतली पाने उसाच्या चिपाडाची’ एवढेच छापावे. मला तर हीच ओळ जास्त दमदार वाटते, कारण बाई ती वर्गात मुलांना समजावून सांगू शकतात. लॅमिनेशन काढायचे ठरले, तर जूनच्या पावसात मुखपृष्ठ कसे टिकेल, याचे उत्तरही टिपणातच हवे.