चोवीस हजार डॉलर कुठे थांबले?

तासगावच्या एखाद्या बेदाणा निर्यातदाराचे उदाहरण घेऊ. पोलंडमधल्या ग्राहकाला माल मिळाला, 24,000 डॉलरचे बिल मंजूर झाले आणि मंगळवारी ग्राहकाने बँकेची पावती व्हॉट्सॲपवर धाडली. शुक्रवार संपला तरी खात्यात दमडी नाही. शाखेत विचारले तर उत्तर मिळते, "साहेब, मधल्या बँकेत अडकलंय, चार दिवस बघा." पोलंडची बँक म्हणते, आमच्याकडून रक्कम गेली. निर्यातदाराला मात्र बेदाणा धुणाऱ्या आणि प्रतवारी करणाऱ्या माणसांची मजुरी याच पैशातून द्यायची असते.

ही मधली बँक मुळात येते कुठून? डॉलरचा हिशेब शेवटी अमेरिकेतल्या बँकांच्या खात्यांवरच चुकता होतो. पोलंडच्या बँकेचे डॉलर खाते न्यूयॉर्कमधल्या एका बँकेत असते, भारतीय बँकेचे दुसऱ्या एका बँकेत. या खात्याला बँकवाले नॉस्ट्रो म्हणतात. प्रत्यक्ष नोटा कुठेच हलत नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डात दोन व्यापाऱ्यांची खाती वेगवेगळ्या अडत्यांकडे असावीत आणि अडत्यांनी आपापसात जमा-नावे करून व्यवहार मिटवावा, तसेच हे चालते. स्विफ्ट ही बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली संस्था फक्त या जमा-नाव्याचे संदेश पोहोचवते. त्यामुळे आपल्या उदाहरणातला पैसा पोलंडची बँक, न्यूयॉर्कच्या दोन बँका, मग भारतीय बँकेचा मुंबईतला परकीय चलन विभाग आणि शेवटी स्थानिक शाखा अशा पाच टप्प्यांतून जातो. न्यूयॉर्कच्या बँकांना ना पोलंडचा ग्राहक ठाऊक असतो, ना तासगावचा निर्यातदार. संदेशात जे लिहिलेले असेल तेवढेच त्यांना दिसते.

आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, पोलंडच्या ग्राहकाने लाभार्थी म्हणून फक्त फर्मचे नाव आणि 'तासगाव, इंडिया' एवढेच लिहिले. तपशिलाच्या रकान्यात बिल क्रमांक टाकलाच नाही, नुसते 'बेदाण्याचे पैसे' असे लिहिले. आता इराण हाही बेदाण्याचा मोठा निर्यातदार आहे आणि त्या देशावर अमेरिकेचे कडक निर्बंध आहेत. अमेरिकी बँकेची संगणक यंत्रणा प्रत्येक संदेश निर्बंधांच्या यादीशी ताडून पाहते. कुठे साम्य दिसले किंवा माहिती तोकडी वाटली, की संदेश बाजूला काढून माणसाच्या टेबलावर ठेवला जातो. तो कर्मचारी विचारतो: लाभार्थीचा पूर्ण पत्ता काय, माल कोणत्या देशात पिकला, बिल कुठे आहे? हा प्रश्न तासगावला येत नाही. पैसे ज्या बँकेने पाठवले तिच्याकडे तो जातो, ती ग्राहकाला मेल करते आणि तो मेल त्याच्या हिशेबनीसाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. बरेचसे दिवस जातात ते इथे.

संदेशातली एखादी त्रुटी किती महत्त्वाची ठरू शकते, हे फेब्रुवारी 2016 मध्ये जगाने पाहिले. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला 35 आदेश पाठवले. त्यांत मधल्या बँकांची नावेच नव्हती, म्हणून ते आधी नाकारले गेले. चोरांनी नावे भरून पुन्हा पाठवले, तेव्हा पाच आदेश पुढे सरकले आणि त्यांतल्या चार आदेशांचे 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलाला पोहोचले. पाचवा आदेश श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे 2 कोटी डॉलरचा होता. तिच्या नावातल्या 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. वाटेतल्या डॉइच बँकेने खुलासा मागितला आणि ती रक्कम वाचली. उरलेले आदेश अडले, त्यामागे 'ज्युपिटर' हा शब्द असल्याचे पुढे उघड झाले. मनिलातल्या बँकेची शाखा ज्युपिटर स्ट्रीटवर होती आणि निर्बंधांच्या यादीत त्याच नावाची वेगळीच एक नोंद होती. मधल्या बँकेची चौकशी प्रामाणिक निर्यातदाराला जाच वाटते, पण त्या दिवशी तिनेच कोट्यवधी डॉलर वाचवले.

मग अडकलेली रक्कम शोधायची कशी? पहिले काम ग्राहकाचे आहे. पैसे भरल्याची बँकेची साधी पावती यासाठी पुरत नाही. त्याने आपल्या बँकेकडून मूळ संदेशाची प्रत मागायची. नोव्हेंबर 2025 पासून आंतरराष्ट्रीय संदेश नव्या pacs.008 या स्वरूपात जातात, तरी काउंटरवर अजून सगळे तिला MT103 म्हणूनच ओळखतात आणि तेच म्हटलेले बरे. त्या प्रतीवर UETR नावाचा 36 अक्षरांचा क्रमांक असतो. प्रत्येक टप्प्यावर संदेश बदलतो, बँकांचे स्वतःचे संदर्भ क्रमांक बदलतात, पण हा एक क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो. म्हणून तो ग्राहकाच्या बँकेकडे, निर्यातदाराच्या बँकेकडे आणि मधल्या प्रत्येक बँकेकडे सारखाच चालतो.

पूर्वी शोध म्हणजे पत्रव्यवहार होता. एक बँक पुढच्या बँकेला विचारायची, ती तिच्या पुढच्या बँकेला, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचे. 2017 मध्ये स्विफ्टने जीपीआय नावाची सेवा सुरू केली. तेव्हापासून या क्रमांकावरून बँकेच्या पडद्यावर रक्कम सध्या कोणत्या बँकेत आहे, तिथे कधी आली आणि वाटेत किती कापली गेली, हे दिसते. निर्यातदाराला हा पडदा सहसा स्वतः पाहता येत नाही. त्यामुळे शाखेत "पैसे आले का?" असे विचारून भागत नाही. क्रमांक लिहून द्यावा आणि "ट्रॅकरवर शेवटची नोंद कोणत्या बँकेची आहे आणि स्टेटस काय दाखवतंय?" असे लेखी विचारावे.

ट्रॅकरच्याही मर्यादा आहेत. रक्कम कुठे आहे हे तो सांगतो, का थांबली हे बहुधा सांगत नाही. निर्बंधांची तपासणी चालू असताना बँका कारण उघड करायला कचरतात. वाटेतली एखादी बँक या सेवेत नसेल, तर 'पुढे पाठवले' एवढ्या नोंदीनंतर माग तुटतो. न्यूयॉर्कच्या बँकेला फोन करूनही काही साधत नाही, कारण जो तिचा खातेदार नाही त्याच्याशी ती बोलणार नाही. चौकशी पुढे ढकलू शकते ती पैसे पाठवणारी बँकच, आणि तिला जागे ठेवायचे काम तिच्या खातेदाराचे, म्हणजे पोलंडच्या ग्राहकाचे. निर्यातदाराने त्याला बिल, पूर्ण पत्ता आणि मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र तयार पीडीएफमध्ये पाठवून ठेवले, तर उत्तर त्याच दिवशी जाऊ शकते.

या दिवसांत ग्राहक हमखास विचारतो, "पुन्हा पाठवू का?" याला नकारच द्यायला हवा. पहिली रक्कम तपासणीतून सुटली तर दोन्ही जमा होतील आणि एक परत करताना भारतीय बँक पुन्हा कागदपत्रे मागेल. आधी पहिली रक्कम रीतसर परत मागवायची, ती हाती आल्यावरच दुसरी पाठवायची. परतीच्या वाटेतही बँका आपले शुल्क कापतात, हे दोघांनी आधीच धरून चालावे.

आता एक गोष्ट, जी शाखेत सहसा कोणी सांगत नाही. पुष्कळदा रक्कम मधल्या बँकेत नसतेच. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने 2022 मध्ये स्विफ्टच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की जास्तीत जास्त वेळ शेवटच्या टप्प्यात जातो, म्हणजे रक्कम लाभार्थीच्या बँकेत पोहोचल्यापासून त्याच्या खात्यात पडेपर्यंत. परकीय चलनावर नियंत्रणे असलेल्या देशांत तो आणखी लांबतो. आपल्याकडे कारण उघड आहे. रक्कम कशापोटी आली याचा पर्पज कोड लागतो, बिल लागते, डॉलर लगेच रुपयांत बदलायचे की परकीय चलन खात्यात ठेवायचे याची सूचना लागते. रक्कम मुंबईच्या विभागात येऊन कागदांची वाट पाहत असते आणि शाखेच्या पडद्यावर अजून काहीच उमटलेले नसते. ट्रॅकरवर शेवटचे नाव आपल्याच बँकेचे असेल आणि स्टेटस G003 असेल, तर त्याचा अर्थ कागदपत्रांची प्रतीक्षा. G002 म्हणजे रक्कम पोहोचली आहे, पण त्या दिवशी जमा होईलच असे नाही. अशा वेळी पोलंडला मेल धाडण्यात अर्थ नाही. परकीय चलन विभागाचा मेल पत्ता शाखेकडून घ्यावा आणि कागद तिथे द्यावेत. लेखी तक्रार करूनही आपली बँक 30 दिवसांत दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. परदेशी बँक मात्र त्याच्या कक्षेत येत नाही.

उदाहरणातल्या निर्यातदाराचे पैसे सोमवारी सुटले, पण आले 23,965 डॉलर. 35 डॉलर कुठे गेले, हे संदेशाच्या प्रतीतच लिहिलेले असते. जुन्या स्वरूपात ते असे दिसते:

```
:32A:260316USD23965,
:33B:USD24000,
:71A:SHA
:71F:USD15,
:71F:USD20,
```

33B म्हणजे ग्राहकाने पाठवायला सांगितलेली रक्कम आणि 32A म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेली. दोन 71F ओळी म्हणजे दोन मधल्या बँकांनी क्रमाने कापलेले 15 आणि 20 डॉलर. SHA म्हणजे पाठवणाऱ्याने फक्त आपल्या बँकेचे शुल्क भरायचे, पुढचे रकमेतून जायचे. ग्राहकाने OUR निवडले, तर सगळे शुल्क त्याच्याकडे लागते. BEN असेल, तर सगळे लाभार्थीच्या माथी. तेव्हा किंमत ठरवतानाच 'OUR' हा शब्द करारात घालावा. तूट काही डॉलरची नसून दोन-तीन टक्क्यांची असेल, तर ते शुल्क नव्हे. वाटेत कुणीतरी चलन बदलून घेतले असण्याची शक्यता जास्त, आणि त्याचा खुलासा ग्राहकाच्या बँकेकडूनच मागायला हवा.

तासगावच्या फर्मला यातून दोन कामे उरतात. पहिले पुढच्या बिलाचे. त्यावर बँक खात्यावर आहे तसेच फर्मचे नाव, खाते क्रमांक, शाखेचा स्विफ्ट कोड, बँकेने आता दिलेला नॉस्ट्रो तपशील आणि 'पैसे पाठवताना हा बिल क्रमांक लिहावा' ही ओळ छापायची. पत्त्यात गाव आणि देश वेगळे लिहायचे, कारण ही दोन्ही नावे स्वतंत्र रकान्यात नसलेला मोकळा पत्ता नोव्हेंबर 2026 पासून चालणार नाही, असा स्विफ्टचा नियम आहे. दुसरे काम त्या 35 डॉलरचे. निर्यातीची प्रत्येक शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत आलेल्या रकमेशी जुळवली जाते. तिथे 24,000 समोर 23,965 दिसले, तर बिल अर्धवट वसूल म्हणून उघडे राहू शकते. त्यामुळे 71F च्या दोन ओळी असलेली प्रत शाखेत द्यायची, 35 डॉलर परदेशी बँकांचे शुल्क म्हणून नोंदवून घ्यायचे आणि बिल बंद झाल्याची पोच मागायची.