हिरवा कोपरा आणि चुकलेली बेरीज

एक्सेलच्या शीटमध्ये कधीकधी एखाद्या सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीकसा हिरवा त्रिकोण उमटतो. आतली रक्कम नीट वाचता येते, काही बिघडल्यासारखं वाटत नाही, म्हणून बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात. त्या सेलवर क्लिक केलं की शेजारी उद्गारचिन्हाचं पिवळं बटण येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं: `Number Stored as Text`. म्हणजे तुम्हाला दिसतो तो आकडा, पण एक्सेलच्या लेखी ती अक्षरं आहेत. आणि अक्षरांची बेरीज होत नाही.

एका हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचं उदाहरण घेऊ. `A` कॉलममध्ये फ्लॅट नंबर आहेत, `B` कॉलममध्ये जमा झालेली रक्कम. १०१, १०२, १०४ आणि २०२ या चौघांचे प्रत्येकी २,५०० रुपये खजिनदारांनी हाताने टाइप केले. १०३ आणि २०१ यांनी प्रत्येकी २,८०० रुपये ऑनलाइन भरले होते. त्या रकमा बँकेच्या स्टेटमेंटमधून कॉपी करून `B4` आणि `B6` मध्ये चिकटवल्या. खरी बेरीज १५,६०० व्हायला हवी. शेवटच्या ओळीत नेहमीचा फॉर्म्युला आहे:

```
=SUM(B2:B7)
```

उत्तर येतं १०,०००. दोन्ही ऑनलाइन रकमा गळाल्या आणि एक्सेलने चुकीचा कसलाही इशारा त्या उत्तरावर दिला नाही. इशारा होता तो फक्त `B4` आणि `B6` च्या कोपऱ्यात.

असं होतं, कारण सेलमधला मजकूर कसा दिसतो आणि तो आत कोणत्या प्रकारचा म्हणून साठवला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. `SUM` दिलेल्या सेलमधले फक्त आकडे उचलते आणि अक्षरं मुकाट्याने सोडून देते. हे मुद्दाम केलेलं आहे. रकमांच्या वर ‘जमा’ असं शीर्षक असेल किंवा मध्येच कुणी ‘चेक परत’ असं लिहिलं असेल, तरी बेरीज अडू नये म्हणून. पण त्याच नियमाने अक्षर म्हणून साठवलेले २,८०० सुद्धा सुटतात.

गंमत अशी की त्याच रकमा `=B2+B3+B4+B5+B6+B7` अशा अधिकच्या चिन्हाने जोडल्या, तर उत्तर बरोबर १५,६०० येतं. अधिकचं चिन्ह पाहिलं की एक्सेल अक्षरांतून आकडा काढायचा प्रयत्न करतं. `SUM` सेलच्या बाबतीत तो प्रयत्न करत नाही. एकाच शीटमध्ये दोन रीतींची दोन उत्तरं येत असतील, तर संशय इथेच घ्यावा.

बेरजेपेक्षा फसवी असते ती सरासरी. `AVERAGE` सुद्धा ते दोन सेल सोडून देते, पण बेरजेतूनही सोडते आणि भागाकारातूनही. म्हणून १०,००० भागिले ४, उत्तर २,५००. खरी सरासरी २,६०० आहे. २,५०० हा आकडा इतका पटण्यासारखा आहे की कुणी परत तपासणारही नाही.

तुलनेत तर निकालच उलटतो. २,५०० पेक्षा कमी भरणाऱ्यांपुढे ‘बाकी’ लिहायचं असेल, तर `=IF(B4<2500,"बाकी","पूर्ण")` असा फॉर्म्युला देतात. आता समजा `B4` मध्ये फक्त १,८०० जमा आहेत आणि तेही अक्षर म्हणून. एक्सेलमध्ये कोणतंही अक्षर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं धरलं जातं. त्यामुळे ७०० रुपये बाकी असलेल्या सभासदापुढे ‘पूर्ण’ असं छापून येतं.

हे ओळखायला एक साधी सवय पुरते. कॉलममधल्या रकमा निवडा आणि `COUNT` व `COUNTA` शेजारी शेजारी मांडा. `COUNT` फक्त आकडे मोजते, `COUNTA` रिकामे नसलेले सगळे सेल मोजते. आपल्या उदाहरणात पहिलं उत्तर ४, दुसरं ६. फरक दोनचा, म्हणजे दोन रकमा हिशेबाबाहेर आहेत. डोळ्यांनाही एक खूण मिळते: मुद्दाम अलाइनमेंट बदललेलं नसेल, तर आकडे सेलच्या उजव्या कडेला बसतात आणि अक्षरं डाव्या.

दुरुस्ती करताना बहुतेक जण आधी सेलचा फॉरमॅट `Text` वरून `Number` करतात आणि बेरीज तशीच पाहून वैतागतात. फॉरमॅट बदलल्याने आधीच आत गेलेली नोंद बदलत नाही. ती पुन्हा भरावी लागते. एखादाच सेल असेल तर `F2` दाबून एंटर करा. अनेक असतील तर हिरव्या कोपऱ्याच्या सेलपासून निवड सुरू करा, पिवळ्या बटणावर क्लिक करून `Convert to Number` घ्या. पूर्ण कॉलमसाठी `Data` मेनूतलं `Text to Columns` उघडून थेट `Finish` दाबलं तरी बहुधा काम होतं.

मात्र बँकेच्या वेबसाइटवरून आणलेल्या रकमांत एक छुपी अडचण असते. आकड्यामागे न दिसणारी एक विशिष्ट जागा चिकटून येते, जी नेहमीच्या स्पेसपेक्षा वेगळी असते. तेव्हा बहुधा हिरवा कोपराही दिसत नाही, कारण एक्सेलला तो आकडा आहे असं वाटतच नाही. `=LEN(B4)` लिहून पाहा: २८०० ची अक्षरं चार हवीत, उत्तर पाच आलं तर पाहुणा सापडला. साध्या स्पेस काढणारं `TRIM` इथे उपयोगी पडत नाही. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लिहावं:

```
=VALUE(SUBSTITUTE(B4,CHAR(160),""))
```

आलेली उत्तरं कॉपी करून `Paste Special` मधल्या `Values` ने मूळ जागी चिकटवावीत.

पण हिरवा कोपरा दिसला की सरसकट आकडा करून टाकणंही धोक्याचं. त्याच शीटमध्ये चेकचा नंबर असेल आणि तो 000123 असा असेल, तर रूपांतर करताच पुढचे शून्य जाऊन 123 उरतो. आधारचा बारा अंकी क्रमांक अरुंद सेलमध्ये `1.2E+11` अशासारख्या रूपात दिसू लागतो. कार्डाच्या सोळा अंकी क्रमांकाचं नुकसान तर कायमचं असतं: एक्सेल पंधराच अंक नेमके धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य येतो आणि फाइल सेव्ह करून बंद केल्यावर मूळ अंक परत मिळत नाही. अशा कॉलमचा फॉरमॅट टाइप करण्याआधीच `Text` ठेवावा आणि कोपऱ्यावर `Ignore Error` म्हणावं. तिथे तो इशारा चूक दाखवत नाही.

म्हणून प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारावा: याची बेरीज कधी कुणी करणार आहे का? मेंटेनन्सच्या रकमेची होईल, म्हणून तिथला हिरवा कोपरा एकही राहता कामा नये. चेक नंबरांची बेरीज कुणी करत नाही, म्हणून तिथले कोपरे खुशाल राहू द्यावेत. आणि वार्षिक सभेपुढे हिशेब ठेवण्याआधी `COUNT` आणि `COUNTA` ची दोन उत्तरं जुळतात का, एवढं पाहावं.