पेठेतल्या बोळात नकाशा सारखा रस्ता बदलतो तेव्हा...



सहलीचा मोसम आला की शाळेच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "पुण्यात केळकर संग्रहालयाला गाडी कुठून नेता?" म्हणून आमची फजिती आधी सांगते. मग ती का झाली आणि आता आम्ही काय करतो ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी शिक्षिका 28 मुलांना मिनीबसने राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायला घेऊन गेलो. चालकदादा आमच्याच तालुक्यातले, पुण्याची फारशी सवय नसलेले. मोबाइल समोर लावलेला. संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यापासून जरा आत आहे. बाजीराव रस्त्यावर आल्यावर मॅपमधली बाई म्हणाली, उजवीकडे वळा. दादांनी पाहिलं तर बोळ. एका बाजूला दुचाकींची रांग, दुसऱ्या बाजूला ओटे. मिनीबस आत घातली असती तर बाहेर काढायला क्रेनच लागली असती. दादा सरळ पुढे गेले. लगेच मार्ग बदलला, पुढचं उजवं वळण घ्या. तेही तसंच. असं करत करत आम्ही शनिवारवाड्यापाशी पोचलो.

इथे पुण्याची एक गोष्ट माहीत असायला हवी. बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे जाणारा एकेरी आणि शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे येणारा एकेरी. दोन्ही रस्ते एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर, पण एक वळण चुकलं की गाडीला मोठी प्रदक्षिणा. आम्ही शिवाजी रस्त्याने मंडईवरून खाली आलो. तिथून मॅपने पुन्हा एका बोळात शिरायला सांगितलं, त्याच्या तोंडाशी टेम्पो माल उतरवत होता. पुन्हा स्वारगेटकडे, पुन्हा बाजीराव रस्ता. पाऊण तास गेला, दोन मुलांना उलट्या झाल्या आणि संग्रहालयात आम्ही सांगितलेली वेळ टळली. शेवटी एका दुकानदार काकांनी सांगितलं, "अहो बाई, गाडी कशाला आत घालताय? इथेच उतरवा मुलांना, चार पावलांवर आहे."

उतरलो. आता मी मोबाइल हातात धरून पुढे. बोळात शिरले आणि पन्नास पावलांत मॅप पुन्हा मार्ग बदलू लागला. मी सरळ चालत होते, तरी निळा ठिपका शेजारच्या बोळात उडी मारून गेला. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, तुमचा बाण उलटा चाललाय." खरंच उलटा होता.

घरी आल्यावर नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी मार्ग दोनदा बदलला खरा, पण दोन अगदी वेगळ्या कारणांनी. गाडीत होतो तेव्हा फोनला आम्ही कुठे आहोत हे बरोबर कळत होतं, बोळ कसा आहे ते कळत नव्हतं. पायी होतो तेव्हा उलट झालं. बोळ नकाशात बरोबर होता, पण आम्ही कोणत्या बोळात आहोत हेच फोनला कळत नव्हतं. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे आधी आपलं कोणतं दुखणं आहे ते ओळखायचं.

आधी पायी चालतानाचं घेऊ, कारण त्यामागचं विज्ञान मुलांनाही सांगण्यासारखं आहे. फोन आपली जागा उपग्रहांच्या संदेशांवरून ठरवतो. किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात आणि संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. मोकळ्या मैदानात साध्या फोनची चूक पाच मीटरच्या आसपास असते. आता पेठेतला चार मीटर रुंदीचा बोळ घ्या, दोन्ही बाजूंना बारा मीटर उंच इमारती. मधोमध उभं राहून वर पाहिलं तर आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. आडव्या दिशेचे उपग्रह भिंतींमागे जातात, पट्टीच्या रेषेतले तेवढे उरतात. शिवाय काही संदेश समोरच्या भिंतीवर आपटून, वळसा घेऊन फोनपर्यंत येतात. तीस मीटरचा जादा वळसा म्हणजे सेकंदाचा फक्त एक कोटीवा भाग उशीर, पण फोनच्या हिशेबात तो उपग्रह तेवढाच लांब गेला! त्यामुळे बोळाच्या लांबीच्या दिशेने आपली जागा बऱ्यापैकी बरोबर येते आणि रुंदीच्या दिशेने चुकते. नेमकी हीच दिशा ठरवते की आपण या बोळात आहोत की शेजारच्या.

वर्गात हे दाखवायला दोन जाड पुस्तकं जवळजवळ उभी करा आणि मधल्या फटीत डोळा लावून छताकडे पाहायला सांगा. छताचा लांब पण अरुंद तुकडाच दिसतो. मुलांना पटकन कळतं.

यात अ‍ॅपची आणखी एक सवय भर घालते. ते ठिपका आहे तसा दाखवत नाही, जवळच्या रस्त्यावर चिकटवून दाखवतं. हमरस्त्यावर ही सवय चांगली, नाहीतर आपण दुकानांतून चालतोय असं दिसलं असतं. पण वीस मीटरवर दुसरा समांतर बोळ असेल तर ठिपका तिकडे चिकटतो, अ‍ॅपला वाटतं आपण चुकलो आणि ते नवा मार्ग काढतं. क्षणभराने ठिपका परत येतो, पुन्हा नवा मार्ग. आपण मात्र एकाच ठिकाणी.

हे ओळखायचं कसं? थांबायचं. अगदी उभं राहायचं आणि अर्धा मिनिट ठिपक्याकडे पाहायचं. आपण हललो नाही तरी तो सरकतोय, किंवा त्याच्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं झालंय, तर चूक जागा ओळखण्यात आहे. वर्तुळ म्हणजे फोनची कबुली असते की मी या गोलात कुठेतरी आहे. अशा वेळी नव्या मार्गाच्या मागे अजिबात धावू नका. जवळच्या चौकात किंवा बोळाच्या तोंडाशी, जिथे आकाश जास्त दिसतं तिथे जाऊन वीस-तीस सेकंद थांबा, वर्तुळ लहान होऊ द्या. बाण उलटा दाखवत असेल तर त्याचं कारण बहुतेकदा फोनमधलं होकायंत्र असतं. हळू चालताना दिशा त्यावरून ठरते आणि आजूबाजूच्या लोखंडाने, गाड्यांनी ते बिघडतं. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात चार-पाच वेळा फिरवला की बरंच ताळ्यावर येतं. (भर रस्त्यात हे करताना लोक बघतात, बघू द्या.)

मेट्रोने मंडई स्थानकावर उतरणाऱ्या पालकांसाठी एक सूचना. स्थानक जमिनीखाली आहे. वर आल्याबरोबर दिसणारा ठिपका जुना असू शकतो. बाहेर येऊन तो स्थिर होईपर्यंत मार्ग सुरूच करू नका, नाहीतर पहिलंच वळण चुकतं.

पुढचं सगळ्यात कामाचं. जागा नीट कळल्यावरही बोळांच्या जाळ्यात आवाजी सूचना बंदच ठेवा. चालू मार्ग बंद करा, नकाशा तेवढा उघडा ठेवा आणि त्यावर फक्त दोन गोष्टी वाचा. कोणत्या मोठ्या रस्त्याकडे पाठ करून चालायचं आणि वाटेत किती फाटे सोडायचे. "बाजीराव रस्ता पाठीशी, दोन फाटे सोडून डावीकडे" असं एक वाक्य पाठ करून चाललं की ठिपका नाचला तरी फरक पडत नाही. पत्त्यातल्या घर क्रमांकावर मात्र विसंबू नका. पेठांमधले क्रमांक बोळात ओळीने लागतीलच असं नाही. मारुती, तालीम, वाडा, नाहीतर एखादी जुनी पिठाची गिरणी विचारा. माणसं तेच सांगतात.

आता गाडीचं. थांबल्यावर ठिपका स्थिर आणि बरोबर जागी असेल, तरीही अ‍ॅप भलत्याच बोळात शिरायला सांगत असेल, तर चूक नकाशात किंवा आपल्या निवडीत आहे. सर्वांत आधी वाहनाचं चिन्ह पाहा. दुचाकीचं चिन्ह निवडलेलं असेल तर ते अशा फटीतूनही नेईल. पायी निवडलं असेल तर एकेरी रस्ता बघणारच नाही. आणि कार निवडली तरी अ‍ॅप तुमच्या गाडीची लांबी-रुंदी विचारत नाही. अल्टो आणि मिनीबस त्याला सारखीच. आम्ही तिथेच फसलो. दर वेळी वळण नाकारलं की ते पुढचा बोळ सुचवायचं, कारण त्याच्या दृष्टीने तो रस्ताच होता. मांडव घातलेला, टेम्पो आडवा लागलेला, आज एकाएकी बंद केलेला बोळ तर त्याला कळतच नाही.

यावर चालत्या गाडीत उपाय नाही, आदल्या रात्री आहे. अंतिम ठिकाण म्हणून संस्थेचं नाव टाकू नका. नकाशा मोठा करून तिथे जाणाऱ्या बोळाचं मोठ्या रस्त्यावरचं तोंड शोधा, त्यावर बोट दाबून ठेवा, खूण पडली की तीच चालकाला पाठवा. आतला तुकडा पायीचं चिन्ह निवडून वेगळा पाहून ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. गाडी पुढे कुठे थांबणार हेही आधीच ठरवा, नाहीतर चालक तुम्हाला उतरवून पुन्हा प्रदक्षिणेला लागतो.

आणि तरीही एखादं वळण चुकलंच तर? मग मोठा रस्ता सोडू नका. "पुढच्या बोळातून जाऊ" हा मोह होतो, पण मोठ्या रस्त्यावरून पूर्ण फेरी मारायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा बोळातून मिनीबस मागे काढायला जास्त लागतो. मागे दुचाकींची रांग लागली की तर विचारूच नका.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. खूण बोळाच्या तोंडावर, मुलं तिथे उतरली. मागच्या वेळचा तो "बाण उलटा" म्हणणारा मुलगा आता पाचवीत होता, त्याच्या हातात स्क्रीनशॉटची प्रिंट दिली होती. तो फाटे मोठ्याने मोजत पुढे, आम्ही मागे. मध्येच माझा फोन खिशातून "मार्ग बदलत आहे" म्हणाला, तर सगळी मुलं एकदम हसली. तोपर्यंत समोर संग्रहालयाचं दार दिसत होतं. या वेळी अडकित्त्यांच्या दालनात पोचलो तेव्हा घड्याळात साडेदहाही झाले नव्हते.